ओव्हर कोणत्या क्रमाने द्यावा?

वॉर्डातल्या सिस्टर आपापसात ज्याला 'ओव्हर' म्हणतात, त्याला क्रम नसतो असे म्हणणे बरोबर नाही. क्रम असतोच. सकाळची सिस्टर दुपारच्या सिस्टरला किंवा दुपारची रात्रीच्या सिस्टरला वॉर्ड सोपवते, तेव्हा सुरुवात एक नंबरच्या बेडपासून होते आणि शेवट शेवटच्या बेडवर. प्रत्येक बेडपाशी हकीगत सुरू होते ती पेशंट दाखल झाला तिथून. मग ऑपरेशन, मग आज काय दिले, काय केले, आणि वेळ उरलाच तर पुढे काय करायचे. थोडक्यात, पेशंट बेडच्या नंबरप्रमाणे येतात आणि एकेकाची माहिती घड्याळाप्रमाणे. हे दोन्ही क्रम सांगणारीच्या सोयीचे आहेत. तिची ड्यूटी तशीच गेलेली असते, त्यामुळे तिला ती तशीच आठवते. ऐकणारीला मात्र पुढची पाळीभर तो वॉर्ड सांभाळायचा असतो, आणि तिच्या कामाचा क्रम याच्या जवळजवळ उलटा आहे.

ओव्हरची फेरमांडणी करा असे कोणी सुचवले की, बहुतेक ठिकाणी पहिले उत्तर मिळते, "आम्ही सगळं सांगतोच की." हे उत्तर खरे असते. अनुभवी सिस्टर काही गाळत नाहीत. ड्रेनचा रंग, लॅबला गेलेले सॅम्पल, पोटाचा ताण, नातेवाइकांची तक्रार, यातले काही सुटत नाही. पण सगळे सांगितले गेले आणि सगळे पोचले, या दोन गोष्टी एक नाहीत. पोचण्याचा संबंध माहिती किती सांगितली यापेक्षा ती कुठे सांगितली याच्याशी जास्त आहे. म्हणून प्रत्येक पेशंटबद्दल आधी आत्ताची स्थिती, मग बाकी कामे, मग चिंता, असा एकच न बदलणारा क्रम ठेवला तर काय साधते आणि काय साधत नाही, हे एखाद्या पेशंटवर घासून पाहणे बरे.

समजा, एका सरकारी रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात चौदा नंबरच्या बेडवर ५८ वर्षांचे, साठ किलो वजनाचे गृहस्थ आहेत. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला अल्सर फुटला म्हणून दोन दिवसांपूर्वी त्यांचे तातडीचे ऑपरेशन झाले. त्यांना मधुमेह आहे. नाकातून रायल्स ट्यूब, पोटात ड्रेन, लघवीला कॅथेटर, हाताला सलाईन. रात्री आठच्या आधी दुपारच्या सिस्टर रात्रीच्या सिस्टरना त्यांच्याबद्दल साधारण असे सांगतील:

"चौदा नंबर, परफोरेशनचे, आज सेकंड पोस्ट-ऑप डे. डायबेटिक आहेत. आरटी आहे, ड्रेन आहे, कॅथेटर आहे. एनबीएम आहेत. सहाला शुगर २१२ आली, इन्सुलिन दिलं. अँटिबायोटिक सगळी गेलीत, पुढचं दहाला. ड्रेसिंग सकाळीच झालंय. मुलगा सारखा विचारायला येतो, त्याला जरा समजावून सांगा. इलेक्ट्रोलाइट्सचं सॅम्पल पाठवलंय. युरिन जरा कमी वाटतंय, हाऊसमनना कळवलंय. ड्रेन पन्नास, थोडा हिरवट आहे. बाकी स्टेबल. पंधरा नंबर…"

यात खोटे काहीच नाही आणि काही लपवलेलेही नाही. पण ही माहिती एखाद्या सर्जनसमोर कागदावर ठेवली, तर त्याची नजर चार शब्दांवर थांबेल: युरिन कमी, ड्रेन हिरवट. शिवलेल्या अल्सरच्या पेशंटच्या ड्रेनमधून हिरवट स्राव येऊ लागला, तर तो पित्ताचा असू शकतो. पित्त बाहेर येते आहे म्हणजे टाके गळत असल्याची शंका घ्यावी लागते. ओव्हरमध्ये हे वाक्य आले ते मुलाला समजावून सांगण्याच्या नंतर आणि 'बाकी स्टेबल'च्या लगेच आधी. ते जेमतेम कानावर पडते तोच त्याच्यावर पंधरा नंबर येऊन बसला.

त्याच माहितीला आता ठरलेल्या क्रमात बसवू. पहिला कप्पा स्थितीचा. तिथे इतिहास एका ओळीपुरता, आणि त्याआधी पेशंट कोणत्या गटात आहे ते: बिघडतोय, लक्ष ठेवण्यासारखा आहे, की ठीक आहे. "चौदा नंबर, बिघडताहेत. परफोरेशन, दुसरा दिवस, डायबेटिक. दुपारी दोनला नाडी ९२, श्वास १८, बीपी ११८, ताप नाही, सॅच्युरेशन ९७. साडेसातला नाडी १०६, श्वास २२, बीपी १०४, ताप ३८.२, सॅच्युरेशन ऑक्सिजनशिवाय ९५. शुद्धीवर आहेत. लघवी पाचपासून तासाला वीस मिली."

इथे थोडे थांबायला हवे, कारण फेरमांडणीचा पहिला फायदा याच ठिकाणी दिसतो. साडेसातचा एकेक आकडा वेगळा पाहिला तर घाबरण्यासारखा नाही. नाडी १०६ ऑपरेशननंतर कितीतरी जणांची असते. १०४ बीपी पाहूनही कोणी धावत सुटत नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये अशा आकड्यांना गुण देण्याची एक पद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. तिचे नाव 'न्यूज'. श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लावला आहे का, वरचे बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप या सात गोष्टी सामान्य मर्यादेपासून जितक्या दूर, तितके गुण जास्त. त्या हिशेबाने या गृहस्थांचे दुपारी दोनचे गुण होतात १, तेही फक्त नाडीचे. साडेसातला श्वासाचे २ आणि नाडी, बीपी, ताप, सॅच्युरेशन यांचे प्रत्येकी १, असे मिळून ६. पाच किंवा जास्त गुण झाले की डॉक्टरांनी तातडीने येऊन पाहावे आणि निदान तासातासाने मोजमाप व्हावे, असे ती पद्धत सांगते. सात झाले तर थेट आणीबाणी. म्हणजे 'स्टेबल' म्हणून सोपवलेला पेशंट आणीबाणीपासून एका गुणावर उभा होता.

गुणांचा तक्ता वॉर्डात नसला तरी अडत नाही. आत्ताचा आकडा आणि ड्यूटी सुरू झाली तेव्हाचा आकडा शेजारी शेजारी सांगायचे, एवढा नियम पुरतो. लघवीचेही तसेच. 'जरा कमी' या शब्दांवरून कोणी काही करू शकत नाही. मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे तासाला निदान अर्धा मिली लघवी व्हायला हवी, हा वॉर्डातला रोजचा हिशेब आहे. साठ किलोच्या माणसाला तीस मिली व्हावी आणि होते आहे वीस, असे म्हटले की त्यापुढे काय करायचे हा प्रश्नच उरत नाही.

दुसरा कप्पा बाकी कामांचा. इथे झालेल्या कामांना जागाच नसते. दिलेले इन्सुलिन, सकाळचे ड्रेसिंग, गेलेली अँटिबायोटिक्स हे सगळे चार्टवर आहे आणि तिथेच राहावे. बाकी कामाला मात्र तीन गोष्टी जोडायच्या: किती वाजता, कोणाकडून, आणि उत्तर आल्यावर काय. "हाऊसमनना ७.३५ ला फोन केलाय, अजून आलेले नाहीत. आठपर्यंत आले नाहीत तर रजिस्ट्रारना फोन करा. इलेक्ट्रोलाइट्सचं सॅम्पल सहाला गेलंय. नऊपर्यंत रिपोर्ट आला नाही तर लॅबला विचारा, आल्यावर हाऊसमनना वाचून दाखवा. अँटिबायोटिक दहाला. शुगर बाराला."

दोन ओव्हरमधला सगळ्यात मोठा फरक या कप्प्यात आहे, आणि तो पटकन लक्षात येत नाही. जुन्या ओव्हरमध्ये "हाऊसमनना कळवलंय" हे झालेल्या कामांच्या रांगेत बसले होते. सांगणारीच्या बाजूने ते काम झालेच होते. पेशंटच्या बाजूने मात्र काहीच झालेले नव्हते, कारण त्याच्यापर्यंत अजून कोणी पोचले नव्हते. नव्या मांडणीत सिस्टरना प्रत्येक गोष्टीबद्दल ठरवावे लागते की ही झालेली की बाकी. डॉक्टर येऊन पाहून जाईपर्यंत फोन केलेला आहे ही गोष्ट बाकीतच राहते. सॅम्पलचेही तेच. ते लॅबमध्ये पोचले म्हणून काम संपत नाही, रिपोर्ट कोणीतरी वाचून त्यावर निर्णय घेतला की संपते. शिफ्ट बदलताना हरवणाऱ्या गोष्टी बहुतेक अशाच असतात. एका टोकाने पाठवलेल्या असतात, दुसऱ्या टोकाने कोणी त्यांची वाट पाहत नसते.

तिसरा कप्पा चिंतेचा. "ड्रेनमध्ये दुपारपर्यंत पाणचट लालसर येत होतं, पाचनंतर हिरवट यायला लागलं, पन्नास मिली. पोट दुपारपेक्षा ताठ लागतंय. मला गळतीची शंका आहे. बीपी शंभरच्या खाली आलं किंवा ते गुंगीत वाटले, तर कोणाची वाट न बघता रजिस्ट्रारना बोलवा." सिस्टर इथे निदान करत नाहीत. त्या दिसलेले सांगतात, त्यावरून वाटलेले सांगतात आणि कोणत्या आकड्याला कोणती पायरी चढायची ते ठरवून देतात. यातला शेवटचा भाग रात्रीच्या सिस्टरच्या सगळ्यात जास्त कामी येतो. पहाटे तीनला ९६ बीपी दिसल्यावर 'आता कोणाला उठवू का' असा विचार करत बसावे लागत नाही. तो निर्णय संध्याकाळी, दोघी जाग्या असताना, एकीने पेशंट दुपारपासून पाहिलेला असताना घेऊन झालेला असतो.

यानंतर ऐकणारीने आपल्या शब्दांत परत सांगायचे: "चौदा सगळ्यांत आधी बघते. आठला डॉक्टर आले का पाहायचं, नऊला रिपोर्ट, बीपी शंभरखाली आलं की रजिस्ट्रार. शुगर दहाला ना?" "नाही, दहाला अँटिबायोटिक. शुगर बाराला." ही चूक कागद हातात असूनही झाली असती. परत सांगितल्यामुळे ती जागच्या जागी पकडली गेली. मग दोघींनी बेडपाशी जाऊन ड्रेनची पिशवी, सलाईनचा वेग आणि कॅथेटर डोळ्यांनी पाहायचे. रंग शब्दात नीट पोचत नाही. 'थोडा हिरवट' म्हणजे किती, हे पिशवी पाहूनच कळते.

नुसत्या तोंडी ओव्हरवर विसंबण्यात काय जाते, याचा एक प्रयोग ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. बारा काल्पनिक पेशंटांची माहिती एकाकडून दुसऱ्याकडे अशी लागोपाठ पाच वेळा सोपवली. फक्त तोंडी सांगत गेल्यावर पाचव्या फेरीअखेर मूळ माहितीतली २.५ टक्के उरली. ऐकताना टिपणे घेतली तेव्हा ८५.५ टक्के, आणि छापील कागद हातात देऊन वर तोंडी सांगितले तेव्हा ९९ टक्के. पाच फेऱ्या म्हणजे तीन पाळ्यांच्या वॉर्डात दोन दिवसही नव्हेत. आपल्या वॉर्डांत रिपोर्ट बुक असते, त्यामुळे आपण मधल्या आकड्याच्या आसपास असू असे कोणी म्हणेल. पण रिपोर्ट बुक बहुधा ओव्हरच्या आधी, चार्टवरून उतरवून, झालेल्या कामांची नोंद म्हणून लिहिलेले असते, आणि ओव्हर देताना ते उघडलेले असतेच असे नाही. कागद आणि बोलणे यांचा क्रम एकच असेल तरच कागद बोलण्याला आधार देतो.

माहिती टिकणे ही झाली एक गोष्ट. त्याने पेशंटचे नुकसान कमी होते का, हा खरा प्रश्न. त्याचे सगळ्यात मोठे उत्तर २०१४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. उत्तर अमेरिकेतल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत निवासी डॉक्टरांच्या ओव्हरला 'आय-पास' नावाचा ठरलेला साचा दिला: आजार किती गंभीर, पेशंटचा सारांश, कामांची यादी, काय होऊ शकते आणि झाल्यास काय करायचे, आणि शेवटी ऐकणाऱ्याने परत सांगणे. वर चौदा नंबरसाठी वापरलेला क्रम त्याचाच धाकटा भाऊ आहे. साडेदहा हजारांहून जास्त दाखल पेशंटांची आधीची आणि नंतरची नोंद तपासली, तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे नुकसान ३० टक्क्यांनी कमी झाले होते. एका पेशंटच्या ओव्हरला लागणारा वेळ मात्र जवळजवळ तेवढाच राहिला, साधारण अडीच मिनिटे.

या अभ्यासाचे नाव घेऊन कोणी आपल्या वॉर्डासाठी फॉर्म छापायला निघाले, तर त्याला त्यातल्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली अशी की नऊपैकी सहाच रुग्णालयांत चुका लक्षणीय कमी झाल्या, उरलेल्या तिन्हींत तसे दिसले नाही. साचा एकच असूनही. दुसरी अशी की त्या रुग्णालयांनी नुसता साचा दिला नव्हता. प्रशिक्षण होते, सराव होता, आणि वरिष्ठ मंडळी प्रत्यक्ष ओव्हरच्या वेळी उभी राहून ऐकत होती व नंतर सुधारणा सांगत होती. नुसता फॉर्म छापून तेच फळ मिळेल असे मानायला आधार नाही. शिवाय ते डॉक्टरांचे ओव्हर होते. सिस्टरच्या ओव्हरमध्ये पेशंट जास्त असतात, वेळ कमी असतो, आणि बोलण्यात दर दोन मिनिटांनी कोणीतरी येते. नातेवाईक, फोन, राऊंडला आलेले सर, सलाईन संपल्याची हाक.

चिंता शेवटी ठेवण्यावर एक आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. वेळ कमी पडला की शेवटचेच कापले जाते. मग जे सगळ्यात महत्त्वाचे ते सगळ्यात आधी का नको? डॉक्टरांना फोन करताना सिस्टर 'एसबार' नावाचा जो क्रम वापरतात, त्यात अडचण पहिल्याच वाक्यात येते. पण फोन एका पेशंटबद्दल, एका अडचणीसाठी असतो, आणि पलीकडच्या माणसाकडून लगेच काहीतरी हवे असते. ओव्हरमध्ये ऐकणारीला आधी पेशंट डोळ्यांसमोर उभा करावा लागतो. आकडे ऐकण्याआधी "मला गळतीची शंका आहे" असे ऐकले, तर ते एक मत राहते. नाडी, लघवी आणि ताप ऐकल्यावर ऐकले, तर तो निष्कर्ष होतो आणि ऐकणारी तो तपासू शकते, त्याच्याशी असहमतही होऊ शकते. म्हणून चिंता शेवटीच असावी, आणि कापली जाण्याचा धोका दुसरीकडून बांधून घ्यावा. एक तर 'बिघडताहेत' हा गट सगळ्यात आधी उच्चारला जातो, त्यामुळे धोक्याची सूचना पहिल्या वाक्यातच पोचते. दुसरे, चिंतेचा रकाना ओव्हर सुरू होण्याच्या आधी भरून ठेवायचा. बोलणे तुटले तरी कागद तुटत नाही.

चिंता नसेल तर तसे मोठ्याने सांगायचे, ही अट अनेकांना उगाचची वाटते. तिच्यावरच सगळी मांडणी उभी आहे. मोकळ्या ओव्हरमध्ये सिस्टरनी एखाद्या पेशंटच्या चिंतेबद्दल काही म्हटले नाही, तर त्याचे दोन अर्थ होतात: चिंता नाही, किंवा सांगायची राहिली. ऐकणारीला ते वेगळे करता येत नाहीत. क्रम ठरला की न बोललेली जागा रिकामी दिसते आणि ऐकणारी विचारते, "चिंतेचं काय?" राज्यातल्या खासगी रुग्णालयांमध्ये तर याचा आणखी एक उपयोग आहे. तिथे केरळमधून आलेल्या सिस्टर पुष्कळ असतात, आणि ओव्हर हिंदी, इंग्रजी, मराठी असा मिसळत चालतो. एखादा शब्द कळला नाही तरी आपण आत्ता कामांच्या कप्प्यात आहोत की चिंतेच्या, हे ऐकणारीला कळत असते. राहिलेला शब्द ती तिथल्या तिथे विचारू शकते.

आता वेळेचा हिशेब. इथेच बहुतेक सुधारणा अडखळतात. अडीच मिनिटांचा ओव्हर चाळीस पेशंटांना लावला तर शंभर मिनिटे होतात. हे कोणत्याच वॉर्डात घडणार नाही. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण शिक्षण रुग्णालयात तीन पेशंटांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच पेशंटांमागे एक सिस्टर असे आहे. प्रत्यक्षात सार्वजनिक रुग्णालयांत रात्री एका वॉर्डाला एक-दोन सिस्टर ही नेहमीची अवस्था. अशा ठिकाणी प्रत्येक पेशंटला सारखाच पूर्ण साचा लावायचा आग्रह धरला, की तिसऱ्या दिवशी साचा गुंडाळला जातो.

उपाय साचा लहान करण्यात नाही, बेडच्या नंबरचा क्रम मोडण्यात आहे. कॅनडातल्या एका अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांच्या ओव्हरचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुरुवातीला चर्चा झालेल्या पेशंटांना शेवटच्यांपेक्षा सुमारे दीडपट वेळ मिळत होता, आणि याचे कारण ते जास्त आजारी होते हे नव्हते. ते फक्त आधी आले होते. आपल्याकडे एक नंबरच्या बेडपासून सुरुवात करायची असेल, तर सगळ्यात आजारी पेशंट एक नंबरवर ठेवावा लागेल. काही वॉर्डांत सिस्टर टेबलाजवळच्या बेडवर तसे ठेवतातही, पण सगळ्यांना नाही. म्हणून 'बिघडताहेत' आणि 'लक्ष ठेवण्यासारखे' हे आधी, पूर्ण साच्यात. समजा असे सहा पेशंट आहेत, तर प्रत्येकी तीन मिनिटे म्हणजे अठरा मिनिटे. उरलेल्या चौतीस जणांना प्रत्येकी वीस सेकंद: गट, बाकी काम असेल तर ते, आणि 'चिंता नाही'. ही झाली साधारण अकरा मिनिटे. एकूण अर्ध्या तासाच्या आत चाळीस बेड. पेशंट कमी-जास्त असले तर आकडे बदलतील, पण तीन कप्प्यांचा क्रम सहाही मोठ्या आणि चौतीसही छोट्या ओव्हरमध्ये तोच राहतो. 'ठीक' गटातल्या पेशंटचे एक वाक्यसुद्धा स्थितीपासून सुरू होऊन चिंतेवर संपते.

यात एक धोका आहे आणि तो मान्य करायलाच हवा. 'ठीक' गटात चुकून टाकलेला पेशंट आता आधीपेक्षा जास्त दुर्लक्षित राहतो. पूर्वी त्याच्यावरही दोन मिनिटे बोलणे झाले असते आणि बोलता बोलता काहीतरी निघाले असते. म्हणून गट ठरवताना मन कुठे झुकते यापेक्षा आकडे आधी पाहायचे, आणि आकडे ठीक असूनही सिस्टरना काहीतरी खटकत असेल तर पेशंटला वरच्या गटात घ्यायचे. कारण सांगता आले नाही तरी. "आकडे बरे आहेत, पण सकाळपासून बोलत नाहीत, जेवलेले नाहीत" ही पूर्ण वैध चिंता आहे. साच्यामुळे सिस्टरचा अनुभव बाजूला पडतो असा आरोप होतो. तो खरा ठरतो तो चिंतेचा रकाना नसेल तेव्हा, किंवा तिथे निदानासारखे काही लिहिले तरच चालेल असे कोणी ठरवले तेव्हा.

साचा मरतो आहे हे ओळखायच्या खुणा थोड्या आहेत, पण स्पष्ट आहेत. सलग तीन पाळ्या सगळ्या बेडपुढे 'चिंता नाही' लिहिलेले असेल, तर तो रकाना कोणी वाचत नाही असे समजावे. बाकी कामांत कालचेच वाक्य आज तसेच आले असेल, तर ते कालच्या कागदावरून उतरवले आहे. जिथे ओव्हर संगणकावर भरला जातो तिथे हे आणखी सोपे होते. जुनी नोंद पुढे ओढून घेतली की दोन दिवसांपूर्वी काढलेला कॅथेटर अजून कागदावर असतो. पण सगळ्यात उपयोगी तपासणी कागदावर होत नाही. ओव्हरनंतर दोन तासांनी इनचार्ज सिस्टरनी रात्रीच्या सिस्टरना एकच प्रश्न विचारावा: आल्यापासून असे काय निघाले, जे ओव्हरमध्ये नव्हते? सलाईन बंद पडले होते, रक्त मागवलेले कळले नव्हते, एका पेशंटला मधुमेह आहे हे नातेवाइकांकडून कळले. महिनाभर अशा उत्तरांची नोंद ठेवली, तर तीन कप्प्यांपैकी कोणता गळतो आहे ते दिसते. दोष कोणाचा हे शोधायला ती नोंद वापरली, की दुसऱ्या महिन्यापासून उत्तर 'काही नाही' एवढेच येऊ लागेल.

हे सगळे ज्या अर्ध्या तासात व्हायचे, तो अर्धा तास कोणाचा हा प्रश्न उरतो. ड्यूटीच्या तक्त्यात दुपारची पाळी आठला संपते आणि रात्रीची आठला सुरू होते असे लिहिलेले असते, तेव्हा कागदोपत्री ओव्हरला वेळच नसतो. तो कोणाच्यातरी बसमधून, कोणाच्यातरी घरच्या स्वयंपाकातून कापलेला असतो. आठला निघायचे असलेल्या सिस्टरना चौदा नंबरबद्दल तीन मिनिटे बोला असे सांगणे म्हणजे त्यांच्याकडे त्यांचा वेळ मागणे आहे, आणि जाता जाता उभ्याने दिलेला ओव्हर ठरलेल्या क्रमात बसत नाही. ज्या रुग्णालयाला क्रम हवा आहे त्याने रात्रीची पाळी साडेसातला सुरू होते असे तक्त्यात लिहावे, तो अर्धा तास कामाचे तास म्हणून मोजावा, आणि त्या वेळेत राऊंड व नातेवाइकांची भेट ठेवू नये. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मेट्रनच्या सहीने होत नाहीत, त्यासाठी आस्थापना विभागाकडे फाइल पाठवावी लागते.